मोठ्या मावशींच्या मागे सहा दिवस

बेबीला बेबी म्हणायला सुरुवात केली ती तिच्या थोरल्या भावाने, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तिला त्रेचाळीस पूर्ण झाली होती, कानशिलांवर केस पिकले होते, सुईत दोरा ओवायला चष्मा लागत होता, तरी माहेरी आणि सासरी ती बेबीच राहिली. सासूबाई तर शेजारणीला ओळख करून देताना म्हणायच्या, "ही आमची बेबी," आणि शेजारीण खाली, गुडघ्याच्या उंचीवर, कुठे बाळ दिसतंय का ते बघायची.

तर ही बेबी एका सोमवारी सकाळी पावणेआठला, डोक्यावर कागदी टोपी, अंगात दोन मापं मोठा निळा झगा आणि पायात दुसऱ्या कुणाच्या तरी रबरी चपला अशा अवतारात एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर उभी होती. ऑपरेशनला लागणारी हत्यारं जिथे धुऊन, तपासून, बांधून वाफेत निर्जंतुक करतात तो विभाग. दोन खोल्या, मधे भिंत. एका खोलीत वापरलेली हत्यारं येतात, ती घाण बाजू. धुऊन झाली की भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे जातात, ती स्वच्छ बाजू. तिथे ती तपासायची, मोजायची, कापडात बांधायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या त्या कपाटाएवढ्या यंत्रात, लावायची. माल पुढे जातो, मागे कधीच येत नाही.

विभाग सांभाळणाऱ्या सिस्टरांनी तिला दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. "शनिवारपर्यंत तुम्ही मोठ्या मावशींच्या मागे. त्या जिथे जातील तिथे जायचं. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. शनिवारी दुपारी मी तुमच्याशी बोलणार. मग ठरवू."

'मग ठरवू' हे दोन शब्द बेबीच्या डोक्यातून जाईनात.

त्याला कारण होतं. याआधी ती शर्ट शिवण्याच्या कारखान्यात होती. तिथल्या पहिल्याच आठवड्यात तिने मुकादमाला विचारलं होतं, कॉलरच्या अस्तराची चिकट बाजू कुठली म्हणून. त्याने वीस बायकांसमोर आवाज चढवला, "डोळे काय घरी ठेवून आलीस?" सगळ्या हसल्या. काही जणी तर आपल्याला ओरडा बसला नाही म्हणूनच हसल्या असतील, पण हसल्या. त्यानंतर बेबीने विचारणंच सोडलं. कुणी काही सांगितलं की मान हलवायची, "हो, समजलं." समजलेलं नसायचं. शेवटी एकदा अख्ख्या दिवसाच्या कॉलरी तिने उलट्या बाजूने इस्त्रीला लावल्या, अस्तर यंत्राच्या पट्ट्याला चिकटून बसलं आणि दुसऱ्या दिवशी बेबी घरी बसली. वर्षभर ती ते कुणाशी बोलली नाही. नवऱ्यालाही तिने 'कारखान्यात काम कमी झालंय' असंच सांगितलं होतं.

मोठ्या मावशी साठीला टेकलेल्या. बारीक अंगाच्या, ताठ कण्याच्या. एकतीस वर्षं त्या याच दोन खोल्यांत होत्या आणि तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांना जणू कुणाची परवानगी लागत होती. पहिल्या दिवशी बेबी वही-पेन घेऊन त्यांच्या मागे सावलीसारखी फिरली आणि दिसेल ते लिहीत गेली. धुण्याच्या पाण्यात औषध किती, यंत्राचं तापमान किती, मिनिटं किती, कुठलं बटण हिरवं, कुठलं लाल. चार पानं भरली. दुपारच्या चहाला मावशींनी वही मागितली, पानं उलटली आणि परत दिली.

"हे सगळं भिंतीवर लावलंय की," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात. भिंतीवर नाही ते बघ."

बेबी म्हणाली, "हो, समजलं."

मंगळवारी घोटाळा झाला. मावशी स्वच्छ बाजूला, भिंगाच्या दिव्याखाली, एका ऑपरेशनला लागणाऱ्या हत्यारांचा मोठा सेट जमवत होत्या. यादी समोर ठेवलेली, एकेका चिमट्याला बोट लावून हळू आवाजात मोजणं चाललेलं. फोन वाजला, मावशींनी बघितलंसुद्धा नाही. अठरा, एकोणीस. बेबीला आदल्या रात्रीपासून वाटत होतं की आपण निदान एक तरी प्रश्न विचारावा, म्हणजे आपण लक्ष देतोय असं दिसेल. तिने धीर केला.

"मावशी, हा वाकड्या तोंडाचा कसला?"

मावशींचं बोट थांबलं. त्यांनी मान वर केली नाही. सगळे चिमटे पुन्हा डावीकडे सरकवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एक. दोन. तीन.

बेबीचे कान तापले. तिला वाटलं, झालं, संपलं. तिने मनातल्या मनात घरी काय सांगायचं तेही जुळवायला घेतलं.

सेट बांधून झाला, यंत्राचं दार बंद झालं, आतली वाफ सुस्कारायला लागली, तेव्हा मावशी स्टुलावर बसल्या आणि समोरचं दुसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं. "बस."

बेबी बसली.

"काल मी तुला चिमट्यांचा सांधा दाखवला. समजला म्हणालीस. काय समजलं, सांग बरं."

   बेबी खरं तेच बोलली. "नाही समजलं, मावशी. मी नुसतीच हो म्हणाले."

"माहीत आहे मला," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "हो म्हणणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या. त्यांची मला भीती वाटते. इथून गेलेलं हत्यार माणसाच्या पोटात जातं, बाई. तिथे तुझं हो काही कामाचं नाही."

मग एकतीस वर्षांच्या त्या गप्प बाईने, यंत्राच्या काट्यावर एक डोळा ठेवून, चांगली दहा मिनिटं बोलून घेतलं. मी मोजत असताना विचारू नकोस. हातात धारदार काही असताना नकोस. दार बंद झालं की मी मोकळी, तेव्हा हवं तेवढं विचार, एकच गोष्ट चार वेळा विचारलीस तरी चालेल. आणि हा कसला चिमटा, तो कसला, हे नको विचारू. ती नावं महिन्याभरात आपोआप तोंडी बसतात, यादीवर चित्रंही आहेत. "विचारायचंच तर हे विचार, की बिघडलं तर कळणार कसं. आणि कळल्यावर सांगायचं कुणाला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चुका करून शिकले, आणि त्यातली एक अजून आठवते."

 

त्या दिवशी घरी जाताना बेबीला इतकं हलकं वाटत होतं की दोन थांबे आधीच उतरून ती पायी गेली. 'समजलं नाही' असं म्हणूनही आपण अजून कामावर आहोत, ही गोष्ट तिला पुन्हा पुन्हा घोळवावीशी वाटत होती. जेवताना तिने नवऱ्याला कॉलरींची खरी हकीकत सांगून टाकली. तो प्रिंटिंग प्रेसमध्ये होता, कागद उलटा लावण्याचे प्रकार त्याला नवे नव्हते. तो म्हणाला, "एवढंच? मी तर एकदा अख्खी लग्नपत्रिका नवरीशिवाय छापली होती." सासूबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

बुधवारपासून तिने वही पिशवीतच ठेवली आणि मावशी कुठे थांबतात ते बघायला लागली. हात भराभर चालतात तिथे शिकण्यासारखं कमी होतं. हात थांबतो तिथेच काहीतरी असायचं. कात्री त्या पूर्ण उघडून दिव्याकडे धरायच्या आणि सांध्याच्या फटीत बघायच्या, कारण वाळलेलं रक्त तिथेच लपतं, आणि घाण उरली तर वाफ कितीही दिली तरी उपयोग नाही. बांधलेल्या पॅकवरची पट्टी वाफेतून आली की तिच्यावरच्या फिकट रेघा काळ्या होतात. मावशी ती बघायच्या, पण तिच्यावर भिस्त ठेवायच्या नाहीत. "पट्टी सांगते की हा पॅक वाफेत जाऊन आला. आत काय झालं, ते तिला काय ठाऊक? त्याचा कागद आत वेगळा असतो." आणि यंत्रातून काढलेला पॅक गार होईपर्यंत त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. खुद्द सिस्टरांनासुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेत भरली. यंत्राचं दार उघडलं की मावशी आधी वाकायच्या. पॅककडे बघायच्या आधी आतल्या तळाकडे बघायच्या. आणि सकाळी यंत्र गार असताना कोपरापर्यंत हात आत घालून तळातून काहीतरी काढायच्या, नळाखाली धुवायच्या, परत बसवायच्या. भिंतीवरच्या सूचनांत यातलं काही नव्हतं.

दार बंद झाल्यावर बेबीने विचारलं, "मावशी, दार उघडल्यावर तुम्ही आधी खाली का बघता?"

मावशी जरा चकितच झाल्या. "बघते का मी?"

"दर वेळी."

मावशींना स्वतःशी आठवून बघावं लागलं. मग म्हणाल्या, "जाळीसाठी. तळाला भोक आहे, वाफेचं पाणी होऊन तिथून जातं. वर बोटभर जाळी बसवलेली असते. कापडाचे धागे, पट्टीचे तुकडे तिच्यात अडकतात. जाळी तुंबली की पाणी तळाशी साचतं आणि खालचे पॅक ओले निघतात."

"ओले निघाले तर?"

"तर ते बाद. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. नंतर वाळला, दिसायला छान दिसला, तरी बाद. बांधणी सोडायची, पुन्हा पहिल्यापासून." आणि मग, "हे मी आजवर कुणाला सांगितलंच नाही, नाही का? माझ्या हातात बसलंय, म्हणून मला वाटलं सगळ्यांच्याच हातात असणार."

शुक्रवारी मावशींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. दुपारपर्यंत यंत्रावर वरच्या मजल्यावरचे एक जण आले. वयाने बेबीहून लहान, कामाला चटपटीत, नाकावर घसरणारा जाड चष्मा. सगळे त्यांना चष्मेवाले दादा म्हणत. सिस्टरांनी बेबीला सांगितलं, "आज यांच्यामागे."

दादांनी सकाळी रिकाम्या यंत्रात, वाफ सगळीकडे पोचते का ते बघणारी, कागदाची रोजची चाचणी घेतली, ती चांगली आली. जाळीला मात्र हात लावला नाही. बेबीच्या ओठावर आलं होतं, विचारावं. पण ती चार दिवसांची, ते सहा वर्षांचे. त्यांनी आपण यायच्या आधीच केलं असेल, असं तिने स्वतःला पटवलं आणि गप्प राहिली. जुनी खोड एका आठवड्यात थोडीच जाते.

पहिली खेप कापडांची होती, गॉजचे गठ्ठे आणि चादरी. ती नीट निघाली. दुसरीत हत्यारांचे जड सेट होते, आणि त्यातल्या एकाची वर, ऑपरेशन थिएटरमध्ये, वाट बघत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं हर्नियाचं ऑपरेशन अकराला लागलं होतं. पावणेअकरापासून फोन सुरू झाला. दादा प्रत्येक वेळी म्हणत, "आलाच, पाठवतोच."

यंत्राची शिट्टी झाली. दादांनी दार उघडलं, वाफेचा शेवटचा ढग बाहेर आला, आणि ते सरळ पॅककडे वळले. पट्टी काळी, छान. फोन पुन्हा वाजायला लागला. त्यांनी जाड हातमोजे चढवले आणि खालच्या कप्प्यातला तो सेट बाहेर काढायला हात घातला.

बेबी मात्र सवयीने वाकली होती. तळाशी पाणी चमकत होतं. फार नाही, ताटलीत मावेल एवढं. आणि त्या सेटच्या खालच्या कोपऱ्यावर निळं कापड तळहाताएवढं गडद झालं होतं.

 'दादा, चुकलं तुमचं' असं म्हणायची तिची छाती नव्हती, आणि तिला ते म्हणायचंही नव्हतं. यंत्राचं दार उघडं होतं खरं, पण दादांच्या हातात धारदार काही नव्हतं, ते मोजतही नव्हते.

"दादा, एक विचारू? हा खालचा कोपरा गडद का दिसतोय?"

दादांनी पाहिलं. "वाफ धरली असेल हो. गरम आहे, वर पोचेपर्यंत वाळेल."

"वाळला तर चालतो का?"

हा प्रश्न तिने खरोखर विचारला होता. म्हणजे उत्तर तिला मावशींकडून माहीत होतं, पण दादांना काही वेगळं ठाऊक असेल, तर तेही तिला हवं होतं. दादांनी चष्मा वर सरकवला. फोन वाजतच होता. ते काही क्षण त्या कोपऱ्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"नाही," ते म्हणाले. "नाही चालत."

त्यांनी सेट तिथेच सोडला, हातमोजा काढला आणि फोन उचलला. "हा सेट मिळणार नाही. ओला निघालाय. हो, मीच सांगतोय. सिस्टरांना बोलावतो." फोन ठेवून ते बेबीकडे वळले. "ताई, पळा. सिस्टरांना सांगा, अख्खी खेप थांबवलीय."

बेबी पळाली. एका पायातली रबरी चप्पल वाटेत मागे राहिली, ती तिने परतताना गोळा केली.

सिस्टर आल्या, वाकून पाहिलं, एकही शब्द वावगा बोलल्या नाहीत. निर्जंतुक मालाच्या कपाटात कालच्या खेपेतला तसाच दुसरा सेट होता. त्याची तारीख, पट्टी, बांधणी, कापडाला कुठे भोक, सगळं तपासून तो वर गेला. ऑपरेशन चाळीस मिनिटं उशिरा सुरू झालं, आणि वरच्या डॉक्टरांनी कुरकुर केली तेवढी केली. इथे यंत्र बंद करून गार होऊ दिलं. दुरुस्तीवाले आले, त्यांनी जाळी काढली. तिच्यावर पहिल्या खेपेतल्या धाग्यांची मऊ पांढरी गादी जमली होती आणि मधे पट्टीचा एक तुकडा अडकला होता. जाळी धुतली, रिकाम्या यंत्राची चाचणी पुन्हा घेतली, आणि त्या खेपेतला प्रत्येक पॅक उघडून, नवीन कापडात बांधून, पुन्हा लावला.

दादा भिंतीला टेकून उभे होते. "मी वर ज्या यंत्रावर असतो, त्याची जाळी दुरुस्तीवालेच बघतात," ते म्हणाले. "इथे आपण काढायची असते, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि तो सेट मी पाठवणार होतो, ताई. खरंच पाठवणार होतो."

"मीही सकाळी विचारणार होते," बेबी म्हणाली. "जाळीचं. नाही विचारलं."

 मग दादा म्हणाले, "चला, चहा घेऊ."  त्या चहात साखर नव्हती, हे दोघांच्याही कप संपल्यावर लक्षात आलं.

दुपारी मावशी आल्या, डोळ्यांत थेंब घातल्यामुळे सगळ्यांकडे मिचमिचत बघत. हकीकत त्यांना जिन्यातच कळली होती. त्या बेबीजवळ आल्या. तिच्या झग्याची लोंबणारी बाही धरून मनगटापर्यंत नीट दुमडून दिली.

शनिवारी सिस्टरांच्या टेबलासमोर बेबी बसली तेव्हा तिला वाटलं, आता तापमान विचारतील, मिनिटं विचारतील. ती रात्री घोकून आली होती. सिस्टरांनी तसलं काही विचारलं नाही.

"अजून काय काय कळलेलं नाही तुम्हाला?"

बेबीने पिशवीतून वही काढली. मागच्या पानावर अकरा प्रश्न होते. वीज मधेच गेली तर चाललेल्या खेपेचं काय करायचं. यादीतलं एखादं हत्यार कमी भरलं तर सेट थांबवायचा, की चिठ्ठी लावून पाठवायचा, आणि ते ठरवायचं कुणी. घाण बाजूला सुई बोचली तर आधी कुठे जायचं. सिस्टर एकेक वाचत गेल्या. सातव्याला थांबून म्हणाल्या, "याचं उत्तर मलाही विचारून सांगावं लागेल," आणि त्यांनी तो प्रश्न आपल्या डायरीत उतरवून घेतला.

मग म्हणाल्या, "सोमवारपासून धुण्याकडे. मावशींच्या नजरेखाली, पण हात तुमचे. आणि झगा मापाचा घ्या आता, कायमचा लागणार आहे."

बेबी बाहेर आली आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली.  'मग ठरवू' हे शब्द डोक्यातून नेमके कधी गेले ते तिला कळलं नव्हतं, पण ते आता नव्हते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बाई डब्याचं झाकण उघडत होती. तिने ओळख ना पाळख, आपण होऊन सांगायला सुरुवात केली. यजमानांचं काल हर्नियाचं ऑपरेशन झालं, थोडं उशिरा झालं, जीव नुसता टांगणीला होता, पण आज सकाळी उठून बसलेत आणि चहात साखर कमी पडली म्हणून नर्सशी भांडतायत.

"भांडतायत म्हणजे बरे आहेत," बेबी म्हणाली.

"तेच म्हणते मी," म्हातारी म्हणाली आणि हसता हसता पदराने डोळे पुसले.

रविवारी बेबी नऊ वाजेपर्यंत झोपली. नवरा दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा सासूबाईंनी त्याला दारातच अडवलं. "झोपू दे रे तिला," त्या हळूच म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरातली भांडी आवाज न करता लावायला लागल्या.